अंगठीवरचा दोरा

"वचनं आईला विचारून लिही," दादा फोनवर म्हणाला होता.

"विचारून कसलं रे सरप्राइज?" मी त्याला उडवून लावलं. बाळाला कडेवर घेऊन, एका हातानं दोघांची कार्डं लिहिली. अक्षर मोठं काढलं, कारण अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांना बारीक दिसत नाही.

आईबाबांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस. बेत साधा होता. दादानं लहानपणीची एक आठवण वाचायची, मग दोघांच्या अंगठ्या हातोहात फिरवायच्या. प्रत्येकानं क्षणभर मुठीत धरून मनात शुभेच्छा द्यायची. नंतर वचनं, अंगठ्या परत बोटात, आणि बाबांना गिळता येईल असं जेवण: भाज्यांचं सूप, मऊ पाव, कुस्करलेली केळी.

आईची अंगठी अडकेल म्हणून मी साबणाचं पाणी आणलं होतं. ती आपसूक निघाली. आतून दोरा गुंडाळलेला.

"बारीक झालेय. इतकी वर्षं धडपडत होते, आता फुकटात जमलं," आई हसली. आम्हीही हसलो. मावशीनं मात्र अंगठी बराच वेळ मुठीत धरली आणि माझ्याकडे बघत राहिली.

बाबांनी अडखळत वाचलं, "तुझा हात सोडणार नाही." सगळ्यांचे डोळे भरले. आईनं चष्मा लावला. "शेवटच्या श्वासापर्यंत तुमची सेवा..." ती थांबली.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं.

"करतेच आहे गं. रात्री उठउठून ह्यांना कुशीवर वळवते. पण असं सगळ्यांदेखत कबूल करायचं म्हटलं, की छाती दडपते." आवाज चढला नव्हता. मला मात्र बाळाच्या टाळूवरून नजर उचलवेना. दर रविवारी मी फोन करायचे. "बाबा कसे आहेत?" विचारायचे आणि बाळाचं रडगाणं गायचे.

बाबांनी चांगल्या हातानं तिचं कार्ड ओढून घेतलं आणि दादापुढे धरलं. "हे... तुमचं," ते कसंबसं म्हणाले.

दादानं ते वचन मोठ्यानं वाचलं. मग मी.

फिरता फिरता दोरा कुठंतरी सुटून पडला होता. बाबांनी आईच्या बोटात अंगठी घातली तशी ती घसरली. आईनं मूठ मिटून घेतली.

जेवताना बाबांना दादानं भरवलं. आईनं सुपाचा पहिला घोट घेतला. "गरम आहे," ती नवल वाटल्यासारखं म्हणाली.

आता शनिवार-रविवार रात्रीची पाळी आमची आहे. दादाची आणि माझी, आलटून पालटून. एवढ्यानं फिटलं असं मला वाटत नाही.

तुमच्याही घरी आजाऱ्याचं करणारं कुणीतरी असेल. आजाऱ्याची चौकशी सगळेच करतात. आज त्या करणाऱ्या माणसाची करा. फोनवर नको, "मजेत" असंच उत्तर येईल. जाऊन हात हातात घ्या, आणि अंगठी सैल झालीय का ते बघा.