खोली, फोन आणि नेट

"स्वतंत्र माणसाचं घर हेच त्याचं मुख्यालय असतं," सल्लागारसाहेबांनी जाहीर केलं, आणि बसायला रिकामी खुर्ची न दिसल्यामुळे फायलींच्या गठ्ठ्यावर टेकले.

समोर बसलेली कर सल्लागार, जिच्या ऑफिसात ते आले होते, त्यांची सख्खी मेहुणी होती. आयकराचं विवरणपत्र भरायची मुदत जवळ आली होती आणि भावोजींनी खर्चात एक तृतीयांश घरभाडं, सगळं फोनबिल आणि सगळं इंटरनेट लावलं होतं. खोल्या तीन, त्यातली एक ऑफिस, म्हणून तिसरा हिस्सा, असा त्यांचा हिशेब.

मेहुणीने विचारलं, की तीन खोल्यांत सर्वांत लहान कोणती? भावोजी खवळले. लोकांच्या कंपन्यांना खर्च कमी करायला शिकवून त्यांचं पोट भरत होतं, आणि इथे त्यांचाच खर्च कापला जात होता. ती शांतपणे म्हणाली, की भाग मोजायचा तो क्षेत्रफळावर, आणि त्यातही कामाच्या वेळेपुरता, कारण संध्याकाळनंतर तिथे चिरंजीव अभ्यास करून झोपतात.

"तिथे कॉट आहे हे त्या आयकर अधिकाऱ्याला कुठून कळणार?"

"त्याला नाही कळणार, भावोजी. पण मी त्याच कॉटवर झोपलेय, आणि सही माझी आहे."

आता मात्र त्यांचा तोल गेला. भाड्याचं दुखणं नव्हतंच. नोकरी सोडल्यापासून शेजारी "सध्या घरीच का?" विचारत, बायको मीटिंग चालू असताना इस्त्रीचे कपडे टेबलावर रचून जाई. निदान सरकारी कागदावर तरी ती खोली ऑफिस असावी, एवढीच त्यांची भूक होती. "म्हणजे मी सकाळी सल्लागार आणि रात्री बेकार, असं लिही," ते कडाडले. बाहेरचा कारकून टाइप करायचा थांबला.

मेहुणीही तापली. म्हणाली, की पटत नसेल तर दुसऱ्याकडे जा. सगळ्यावर सही करणारे पुष्कळ भेटतील, पण नोटीस आल्यावर ते फोन उचलणार नाहीत. अंदाज चालतो, फक्त तो कशावरून बांधला हे सांगता आलं पाहिजे. मग तिने फोनची बिलं पुढे सरकवली आणि कामाच्या कॉलवर खुणा करायला सांगितलं.

भावोजींनी रागाने पेन चालवलं. खुणा निम्म्यालाही पोचेनात. सर्वांत लांब कॉल सासूबाईंचे निघाले. फोनचा तेवढाच भाग धरला, आणि भाडं खोलीच्या क्षेत्रफळावर, कामाच्या तासांपुरतं. नेट घरातले चौघे वापरतात म्हणून तेही निम्म्यावर आणलं, त्याचं कारण लिहून ठेवलं. यापुढे कामाचं सिम वेगळं घ्या, त्याचं बिल पूर्ण लावता येईल, असं तिने बजावलं.

त्यांनी दात-ओठ खात विवरणपत्रावर आपली सही केली आणि दाराकडे निघाले. उद्यापासून आपल्या खोलीत कुणीही पाऊल टाकायचं नाही, अगदी कुणीही, असं त्यांनी उंबऱ्यातून ठणकावलं.

"भावोजी," मेहुणी जरा अडखळत म्हणाली, "आमच्या मुलीची सोमवारी ऑनलाइन मुलाखत आहे. आमच्याकडचं नेट धड चालत नाही. तासभर तुमचं ऑफिस मिळेल का?"