हाताने लिहिलेल्या पाच ओळी

पतसंस्था बुडाली की तिच्या कर्मचाऱ्यांना एकदम समाजसेवेचा उमाळा येतो, हे मी या महिन्यात शिकले. माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान छावणीच्या रस्त्यावर आहे आणि बरोबर समोर ‘भरभराट नागरी सहकारी पतसंस्था’. नाव अजून पाटीवर आहे, भरभराट ज्यांची व्हायची त्यांची झाली. दीड वर्ष शटर बंद होतं. मग सरकारने अवसायक मॅडम नेमल्या, म्हणजे बुडालेल्या संस्थेचा हिशेब मिटवणाऱ्या अधिकारी, आणि ठेवीदारांनी आपले दावे आणून द्यावेत अशी नोटीस लागली. त्याच सकाळी नानासाहेब हजर. वीस वर्षं याच शाखेत काउंटरवर क्लार्क होते. आता दाराशी टेबल टाकून बसले आणि “मार्गदर्शन” करू लागले. फुकट. माझा नवरा गयास म्हणाला, माणूस दिलदार आहे. गयासला सगळेच दिलदार वाटतात, म्हणून तर दुकान मी चालवते.

दाव्याला पासबुकातल्या सगळ्या नोंदींची टाइप केलेली यादी लागायची. तारीख, तपशील, नावे म्हणजे काढलेले, जमा म्हणजे भरलेले, शिल्लक. आता मूळ पासबुकं किती जणांकडे होती? संस्था बुडायच्या आधी दोन महिने “अपडेट करून देतो” म्हणून अर्ध्या लोकांची पासबुकं आत गेली ती बाहेर आलीच नाहीत. ज्यांनी कधीतरी मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते ते वाचले. असे फोटो घेऊन लोक माझ्याकडे यायचे. पानाला तीस रुपये. आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही.

दाव्याच्या मुदतीच्या आदल्या दिवशी पडेगावच्या मनकर्णाबाई आल्या. त्यांची पिठाची गिरणी आहे. सोबत पुतण्या सोमनाथ, वाळूजला कंपनीत क्वालिटी तपासतो. त्याच्या हातात रंगीत छापलेली यादी होती. मोबाइलमधल्या कुठल्याशा ॲपला फोटो दाखवला आणि दोन मिनिटांत यादी तयार, असं तो मला समजावून सांगत होता. मला, जी पंचवीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं वाचून पोट भरते. यादी मोठी देखणी होती. नानासाहेबांनी मात्र ती परत पाठवली होती. यादीत शेवटी शिल्लक एक लाख बत्तीस हजार सातशे चौदा आणि फोटोत छापलेली शेवटची शिल्लक ब्याण्णव हजार सातशे चौदा, चाळीस हजारांचा फरक. खोटा दावा म्हणून सगळाच बाद होईल, असं त्यांनी म्हातारीला घाबरवलं होतं आणि उपायही सांगितला होता. मधल्या पाच ओळी हाताने लिहिल्यात, त्या काढून टाका. यादी जुळेल.

“काढून टाका म्हनं,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “चाळीस हजार हाय ते. गिरणीची नवी मोटर त्यात बसती.”

मी सोमनाथला फोटो पुन्हा पाठवायला लावला, आणि तोही डॉक्युमेंट म्हणून. नुसता फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याला चिरडतं, आणि इथं आधीच चिरडण्यासारखं काही उरलं नव्हतं. संस्थेने प्रिंटरची रिबिन बहुतेक उद्घाटनाच्या दिवशी बदलली असावी. ठिपके इतके फिके की काळं-पांढरं करून, गडद करून एकेक ओळ मोठी करावी लागत होती. त्यात प्रिंटरची मधली एक पिन मेलेली. पिन मेली की प्रत्येक आकड्याच्या पोटातून एक आडवी रेघ गायब होते आणि आठ हुबेहूब शून्य दिसतो. शिवाय पासबुक तिरकं घातल्यामुळे जमेचे आकडे सरकत सरकत नावेच्या रकान्यात जाऊन बसलेले.

अशा वेळी आकड्याकडे नाही, शिल्लकेकडे बघायचं असतं. बारा मार्चच्या ओळीत शिल्लक अडुसष्ट हजार अडीचशे की साठ हजार अडीचशे, डोळ्याला कळत नव्हतं. वरच्या ओळीत साठ हजार अडीचशेच आहेत हे त्याच्याही वरच्या बेरजेवरून पक्कं होतं आणि मार्चला काहीतरी हजार भरले होते. पैसे भरल्यावर शिल्लक तेवढीच कशी राहील? म्हणजे भरले आठ हजार आणि शिल्लक अडुसष्ट हजार अडीचशे. ॲपने तिथं शिल्लक बरोबर धरून जमा मात्र शून्य रुपये असं लिहून ठेवलं होतं. गिरणीवाली बाई पडेगावहून रिक्षा करून शून्य रुपये भरायला येते, यात ॲपला काही खटकलं नाही आणि क्वालिटी तपासणाऱ्यालाही नाही.

मग त्या पाच ओळी आल्या. २०२२ च्या एप्रिल ते ऑगस्टच्या, निळ्या पेनाने. प्रिंटर बिघडलाय म्हणून नानासाहेबांनी हाताने लिहून दिल्या होत्या. सहा हजार, आठ, आठ, दहा, पुन्हा आठ. प्रत्येक ओळीला शिल्लक चढवलेली, शेवटची एक लाख आठ हजार अडीचशे, आणि प्रत्येक ओळीपुढे शेपटीवाली छोटी सही. आकडे मराठी आणि सुवाच्य होते. सगळ्या पासबुकात नीट वाचता येतील अशा एवढ्याच ओळी.

त्याखाली पुन्हा फिके ठिपके. पहिल्या ओळीचा तपशील व्याज, रक्कम नऊशे शहात्तर. तारीख मी तीन वेळा मोठी करून पाहिली. तीस जून.

ऑगस्टच्या खाली जून. सोमनाथ म्हणाला, म्हणूनच ॲपने तारखेप्रमाणे लावून दिलं, मॅडम, नीट दिसतं आता. आणि मार्चच्या पुढची शिल्लकही ॲपने नव्याने मोजली होती. मला त्याचा इतका राग आला की मी खुर्ची त्याच्याकडे फिरवली. पासबुक म्हणजे काय भाजीची यादी आहे का, हवी तशी लावायला? ज्या क्रमाने छापलं त्याच क्रमाने वाचायचं. आणि छापलेली शिल्लक जी आहे तीच लिहायची, चुकीची वाटली तरी.

छापलेली शिल्लक होती एकोणसत्तर हजार दोनशे सव्वीस. अडुसष्ट हजार अडीचशेमध्ये नऊशे शहात्तर मिळवले की हेच येतात. म्हणजे प्रिंटर दुरुस्त झाल्यावर पासबुक मशीनमध्ये घातलं, तेव्हा मार्चनंतर संगणकाला जेवढं माहीत होतं तेवढं त्याने छापलं. त्याला फक्त जूनचं व्याज माहीत होतं. पाच महिन्यांचे चाळीस हजार त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ते पासबुकात लिहिले गेले आणि पैसे दुसऱ्याच खिशात गेले.

मी हे मनकर्णाबाईंना सांगितलं. त्यांनी पडद्यावरच्या निळ्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “मला म्हनले व्हते, मावशी, हातानं लिव्हलेलं पुसत नाय, छापलेलं उडतं.” हे मात्र नानासाहेब खरं बोलले होते.

यादी मी पासबुकाच्या क्रमाने टाइप केली. शेवटी शेऱ्याचा एक रकाना वाढवला. पाच ओळींपुढे ‘हस्तलिखित, सहीसह’ आणि व्याजाच्या ओळीपुढे ‘छापील शिल्लकेत वरील पाच जमा धरलेल्या नाहीत’. जिथं मला खात्री नव्हती तिथं ‘अस्पष्ट, शिल्लकेवरून काढले’ असं लिहिलं. यादी जुळत नव्हती, आणि ती तशीच द्यायची होती. सोमनाथ म्हणाला बाद होईल. मी दुकान गयासवर सोडलं आणि सोबत गेले.

नानासाहेबांनी टेबलावरच यादी चाळली, गोड हसले आणि म्हणाले की जुळत नाही, परत करून आणा. मी त्यांच्या हातातून कागद घेतला आणि आत अवसायक मॅडमच्या टेबलावर ठेवला. नानासाहेब मागोमाग आले. मदत करायला.

मॅडमने यादी वाचली, फोटोची प्रत वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली. मग नानासाहेबांना विचारलं की प्रिंटर किती दिवस बंद होता. पाच महिने, ते म्हणाले. त्या काळात संगणक? संगणक चालू होता, मॅडम.

“म्हणजे जूनचं व्याज संगणकाने लावलं,” मॅडम म्हणाल्या, “आणि यांचे चाळीस हजार पाच महिन्यांत त्यात भरायला कोणाला वेळ झाला नाही. सही कोणाची?”

नानासाहेब म्हणाले की जुनी गोष्ट आहे, बघावं लागेल.

“बघायचं काय त्यात?” मनकर्णाबाई म्हणाल्या. “माझ्यासमोर तर केली तुमी. पैशे मोजून घेतले, वर माझ्याकडनं चहा बी पिला.”

बाहेरच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मॅडमने नानासाहेबांना बाहेरचं टेबल उचलायला सांगितलं आणि कुठं जाऊ नका म्हणून बजावलं. पोचपावतीवर एक लाख बत्तीस हजार सातशे चौदाचा दावा लिहिला, पैकी चाळीस हजार चौकशीअधीन. मिळतीलच असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. निदान कागदावर तरी आले. ज्यांनी नोंदी दिल्या नसतील त्यांना नंतर काही मागताच येणार नाही, म्हणून हाताने लिहिलेल्या नोंदी असलेल्या सगळ्यांनी उद्या पाचच्या आत सुधारित यादी द्यावी, असं त्यांनी रांगेला ऐकवलं.

मी मान ताठ करून बाहेर पडले. रस्ता ओलांडताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. दुकानाच्या पायरीवर पंक्चरवाला बन्सी बसला होता. त्याचा दावा चार दिवसांपूर्वीच जमा झाला होता, यादी मीच केली होती.

“बाई,” तो म्हणाला, “माझ्या बुकात बी चार वळी हातच्या व्हत्या. तुमी म्हनल्या, त्या घेतल्या तर जुळत नाय, ऱ्हाऊ द्या.”

म्हटलं होतं. नानासाहेबांनी त्याला सांगितलं, त्याने मला सांगितलं, आणि मी मान डोलावून त्या चार ओळी गाळल्या. घाई होती, बाहेर माणसं उभी होती, आणि गाळल्यावर बेरीज छान बसत होती. व्याजाच्या तारखेकडे मी पाहिलंसुद्धा नाही. ॲपला शहाणपण शिकवणारी मी.

आत जाऊन संगणकावरचा फोल्डर उघडला. आठ दिवसांच्या याद्या एकेक करून त्यांच्या फोटोंशी ताडल्या. हाताने लिहिलेल्या ओळी गाळलेल्या एकतीस निघाल्या. नानासाहेबांनी जे पाच महिने खपून केलं, त्याच्या खुणा मी आठ दिवसांत पुसून दिल्या होत्या, पानाला तीस रुपये घेऊन. गयासला मी एकतीस जणांचे फोन नंबर काढायला बसवलं. बन्सीला म्हटलं, आत ये, बस.

त्याची जुनी यादी समोर उघडी होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, रुपयाचीसुद्धा चूक नव्हती.