तेतच्या कार्डावरचा चौथा

तेतचा, नव्या वर्षाचा सण दोन दिवसांवर आला होता आणि क्वेनच्या आईने यंदा अखेर लामचा फोटो पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर ठेवू दिला होता.

लाम म्हणजे क्वेनचा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी मासेमारीला गेला, वादळ झालं, ना बोट सापडली ना माणूस. अशांसाठी त्यांच्या बेटावर वाऱ्याची कबर बांधतात. मातीचा माणूस करायचा, त्यात तुतीच्या काटक्यांची हाडं घालायची, मंत्र म्हणायचे आणि त्यालाच पुरायचं. नाहीतर जीव पाण्यावर भटकत राहतो. पण आईने तो विषयच काढू दिला नव्हता. रोज संध्याकाळी ती धक्क्यावर जाऊन बसायची आणि येणाऱ्या प्रत्येक बोटीला लामचा पत्ता विचारायची. खलाशी आता तिला पाहून पाठ फिरवत. क्वेनला तिची दया यायची आणि तितकाच रागही.

यंदा बाबा डोंगरावरून कबरीसाठी मातीच घेऊन आले. आई त्या मातीकडे बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "सण झाला की करा काय करायचं ते." क्वेनला वाटलं, सुटलो एकदाचे.

दरवर्षीप्रमाणे नातेवाइकांना कार्ड पाठवायचं होतं. क्वेन किनाऱ्यावरच्या शहरात छपाईच्या दुकानात कार्डं बनवायचंच काम करायची. तिने फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला.

"देव्हाऱ्याला पाठ नको, जरा तिरके उभे राहा," बाबा म्हणाले. "आजोबा बघताहेत."

"तिघांचा फोटो काढतेयस?" आई बिथरली. "मधला जातो म्हणतात. आणि मधे मलाच उभं केलंस! घाई झालीय का माझी?"

"तिघं कुठे गं? मागे दादा आहे की. चौघं झालो."

आई पदर सारखा केल्यासारखी झगा नीट करून उभी राहिली आणि फोटो निघाला.

मग क्वेनने फोनवरच्या चित्रं काढणाऱ्या यंत्राला सूचना लिहिली. हे ती दुकानात दिवसाला वीस वेळा करायची. 'जोडलेल्या फोटोवरून तेतचं शुभेच्छापत्र काढ. जलरंगात, हाताने रंगवल्यासारखं. सजवलेल्या देव्हाऱ्यासमोर चौघांचं कुटुंब, सगळे आनंदात. चेहरे फोटोतलेच ठेव. पिवळी फुलं, कलिंगडं, उदबत्तीचा धूर. वरची जागा कोरी सोड.' मजकूर ती स्वतः घालायची, कारण अक्षरांवरच्या खुणा यंत्र हमखास चुकवतं. बाकी सूचनेत तिला काही खटकलं नाही. ज्या शब्दाने आईची समजूत काढली, तोच तिने लिहून टाकला होता.

चित्र आलं. त्यात चौघं उभे होते. निळ्या झग्यातला लाम, गाल भरलेले, एक हात आईच्या खांद्यावर. देव्हाऱ्यावर त्याच्या फोटोच्या जागी फुलदाणी होती.

क्वेनने फोन पालथा घालायच्या आत आई मागे येऊन उभी होती.

"हात बघ," आई म्हणाली. "माझ्या खांद्यावर ठेवलाय."

"आई, मी चार लिहिलं म्हणून त्याने चार काढले. त्याला काय कळतंय!"

"मग चौकट कुठेय? कलिंगडं बरोबर दोन काढली, चौकटच बरी विसरला?"

"चुकलं ते. थांब, नीट करते."

घाईघाईने तिने लिहिलं, 'फोटोत तिघंच माणसं आहेत. चौथा मेलेला आहे. त्याला देव्हाऱ्यावरच्या चौकटीतच ठेव.' लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, दोन वर्षांत हा शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता.

दुसरं चित्र अगदी बिनचूक आलं. लाम चौकटीत होता.

"काय सांगितलंस त्याला?" आईने विचारलं. "वाच."

"राहू दे ना."

"वाच म्हणते ना!"

क्वेनने वाचलं. बाबा उठून बाहेर गेले.

"मघाशी तू काही बोलली नव्हतीस, तर तो आला होता," आई शांतपणे म्हणाली. "आता तू त्याला मारलंस."

तिने देव्हाऱ्यावरून चौकट उतरवली, टॉवेलात गुंडाळली आणि पेटीत ठेवली. अंगणात बाबा मातीच्या ढिगाशी उभे होते. "ती लसणाच्या वाफ्यात टाका," तिने दारातूनच सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी खरंच फावडं उचललं.

संध्याकाळी सणासाठी परतणाऱ्या शेवटच्या बोटी लागत होत्या. आई धक्क्यावर होती, पण आज बसलेली नव्हती. क्वेनचा फोन हातात धरून ती एकेका खलाशाला अडवत होती, आणि आज कुणालाच पाठ फिरवता येत नव्हती. क्वेन धावत पोचली तेव्हा एक म्हातारा तांडेल त्या पहिल्या चित्राकडे डोळे बारीक करून बघत होता. त्याचा मुलगा लामच्याच बोटीवर गेला होता.

"कधीचा गं हा फोटो?" त्याने विचारलं.

"आजचा," आई म्हणाली. "हवं तर हिला विचारा. हिनेच काढलाय."

म्हातारा क्वेनकडे वळला.