दोन तुकडे

दादा मला 'खरेदी अधिकारी' म्हणतो. आमच्या वर्कशॉपमध्ये माणसं तीन, त्यात अधिकारी मी एकटी. दादा बूट शिवतो, त्याचा मदतनीस सोल चिकटवतो आणि मी फोनवर बोलून बोलून घसा कोरडा करते. बूट साधे नाहीत. साखरेच्या आजारानं ज्यांच्या पायातली जाणीव गेली, त्यांच्यासाठी आम्ही बूट करतो. आत खडा गेला तरी त्यांना कळत नाही, जखम झाली तरी कळत नाही. म्हणून बुटाच्या आत मऊ फोमचा तळवा बसवायचा. सगळा खेळ त्या फोमचा.

आमचं पहिलं गिऱ्हाईक आमची ताईच. तिच्या उजव्या पायाचा अंगठा गेला तो एका स्वस्त फोममुळे. दादानं नव्या फॅक्टरीचा माल घेतला आणि न तपासता थेट तिच्या बुटात घातला. महिन्याभरात तो पापडासारखा दबला. तेव्हापासून दादानं नियमच केला: नवा फोम आधी तीन आठवडे स्वतःच्या बुटात वापरायचा, मगच दुसऱ्या कुणाच्या पायाला लावायचा. यात देव जरी आला तरी सूट नाही.

यंदा आमच्या जुन्या कारखान्यानं नेहमीच्या फोमची ती जात बनवणंच बंद केलं. शिल्लक होता तो माल संपला. ताईच्या बुटातला तळवा बसत चालला होता. डॉक्टरांनी डाव्या पायाच्या चवड्याखाली लाल झालेलं दाखवून बजावलं, "महिन्या-दीड महिन्यात तळवा बदला. तोवर चालणं कमी करा."

"चालणं कमी करा म्हणे," ताई म्हणाली, "मग स्वयंपाक काय तुझा डॉक्टर येऊन करणार?"

मी सहा कारखान्यांना लिहिलं. नमुना पाठवा, सोबत तांत्रिक माहितीपत्रक पाठवा: घनता किती, कडकपणा किती, दाबून सोडल्यावर किती टक्के दबलेलंच राहतं आणि हे सगळं कुठल्या चाचणीनं मोजलंय. चार ठिकाणांहून उत्तरच नाही. पाचव्यानं माहितीपत्रक पाठवलं, पण तो फोम आमच्या कामापेक्षा दुप्पट कडक. सहाव्याच्या वेबसाइटवर नमुन्याचा फॉर्म होता. त्यात विचारलं होतं, 'वर्षाची अंदाजे गरज?'

आमची गरज वर्षाला साठ शीट. खरं तेच आधीच्या पाच जणांना लिहिलं होतं. साठ शीटवाल्याला कोण भीक घालतो? मी लिहिलं, 'दहा हजार.' बेधडक.

खालची चौकट होती, 'किती नमुने हवेत?' तिथे मात्र माझी मान खाली गेली. एवढं धडधडीत खोटं बोलून वर फुकट मागायचं, म्हणजे निर्लज्जपणाची हद्दच. एका नमुन्यात एका पायाचा तळवा निघतो. मी लिहिलं, 'दोन.'

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या तांत्रिक विभागातल्या माणसाचा फोन. भला माणूस. अर्धा तास त्यानं विचारलं, वजन किती पडतं, बुटात किती गरम होतं, रोज किती तास वापर. मी सगळं खरं सांगितलं. एक आकडा सोडून.

"पाठवतो ताई," तो म्हणाला, "तुमचं काम चांगलं आहे हो."

दोन आठवड्यांनी पार्सल आलं. दोन तुकडे, गुळगुळीत, दाबले की हळूच वर येणारे. दादानं त्याचं छोटं मीटर लावून कडकपणा मोजला, माहितीपत्रकात होता तसाच. त्यानं अंगठ्यानं दाबलं, नाकाशी धरून वासही घेतला आणि पहिल्यांदाच म्हणाला, "खरेदी अधिकारी, जिंकलंस बघ!"

मी हुरळून गेले. बाकीच्या कारखान्यांचा पाठपुरावा त्याच दिवशी सोडून दिला. आता कशाला हवेत ते?

"दादा, हे ताईलाच घालू या की," मी म्हटलं. "तिचा पाय बघितलास ना?"

"तिचाच पाय बघितलाय मी," तो म्हणाला. "एकदा तिच्यावर प्रयोग केला, अंगठा गेला. पुन्हा नाही."

"मग एक तरी ठेव."

"एका पायात जाड, एका पायात पातळ घालून चालू? कंबर मोडायची माझी. आणि ऑर्डर द्यायचीच आहे, माल येईलच ना."

त्यानं दोन्ही तुकडे आपल्या पायाच्या मापानं कापले. तीन आठवडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यावर उभा राहिला. काढून मोजलं तर जेमतेम दबलेले. ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लवकर आणा गं. मोजा आतून रोज ओला होतोय." मी मोजा उलटा केला. डाग पिवळा होता.

मी तिथल्या तिथे फोन केला. साठ शीट, तातडीनं.

"साठ?" तो माणूस म्हणाला. "की साठशे?"

"साठ."

तो मग म्हणाला, "ताई, हा माल आमच्याकडे नाहीच. तुमच्यासाठी नवीन मिश्रण केलं होतं, प्रयोगशाळेच्या छोट्या प्रेसवर. तुकडे बनले तेवढेच, तुम्हाला पाठवले तेच. कारखान्यात लावायचं तर एका घाण्याला पाचशे शीट तरी हवीत. माहितीपत्रकावर लिहिलंय बघा, तात्पुरतं."

मी कागद काढला. वर उजव्या कोपऱ्यात 'तात्पुरते' लिहिलं होतं, बॅच नंबरची जागा कोरी होती. घनता वाचली, टक्के वाचले, चाचण्या वाचल्या. कोपरा वाचला नाही.

पाचशे शीट म्हणजे आमचं आठ वर्षांचं काम, आणि हा फोम दीड वर्षात कोरडा पडून तडकतो.

"प्रेसवर अजून दोनच तुकडे करून द्या ना," मी म्हटलं. "माझ्या बहिणीचा पाय..." मग मी त्याला सगळं खरं सांगितलं, आमच्या तीन माणसांपासून साठ शीटपर्यंत.

"दहा हजार ऐकून साहेबांनी प्रेस मोकळं करून दिलं होतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "आता मी कुठल्या तोंडानं मागू? तेव्हा चार मागितले असते ना, तर चार केले असते. तेवढं मिश्रण होतंच, उरलेलं टाकून दिलं."

आयुष्यात एवढं मोठं खोटं बोलले ते दहा हजारांचं, आणि लाज वाटली ती दोन तुकड्यांची. जळो माझी लाज.

दादाला सांगितलं. त्यानं आपले बूट काढले, आतले तळवे उपसून टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला. त्याचा पाय ताईपेक्षा मोठा, पण टाच आणि चवडा दोन्ही ठिकाणी त्याच्या वजनाचा ठसा, जेमतेम असला तरी ताईच्या बधिर पायाला तेवढाही जखम करणारा. ते कापून कुणाला होणार होते?

त्यानं जुन्या कातरणांचे थर चिकटवून ताईला एक तळवा करून दिला. मी पाचही कारखान्यांच्या मागे पुन्हा लागले. मधला सव्वा महिना कुठून आणणार होते? जखम हाडापर्यंत गेली. आधी बोटं कापली, मग घोट्याच्या वरून डावा पायच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताईनं मला विचारलं, "पार्सल आलं का गं?" मी म्हटलं, "येईल." तेही खोटंच.

परवा एका नव्या कारखान्याचा फॉर्म उघडला. वर्षाची गरज: साठ. खरं लिहिलं. नमुना पाठवला तर पाठवला. खालच्या चौकटीपाशी आले तेव्हा दादा मागे येऊन उभा राहिला होता, अनवाणी.

"किती लिहू?" मी विचारलं. "तुझ्या तपासणीचे दोन, आणि ताईचे..."

दादानं वाकून आकडा स्वतःच लिहिला.

तीन.