एक मीटरची वायर

विचुंब्याच्या काशीरामशेठ म्हात्र्यांना अडचणीचा प्रश्न विचारला की फोन येतो. हे सगळ्या गावाला माहीत आहे. मंडळाच्या बैठकीत हिशेबाचा विषय निघाला, फोन. मेहुण्याने जुन्या वाटेच्या भांडणाची आठवण काढली, फोन. शेठ फोन कानाला लावून उठतात, "हां हां, बोला, बोला" करत गेटजवळच्या चिकूखाली जातात, आणि विषय थंड झाला की परत येतात. खडी आणि क्रश सँड पुरवणाऱ्या माणसाला खरेच फोनही पुष्कळ येतात, म्हणून खोटे कोणते ते कुणी मोजत बसत नाही.

त्यांच्या निशाने मात्र मोजले होते. गेल्या दोन महिन्यांत तिने सात वेळा विचारले होते, "बाबा, द्रोणागिरीच्या नोकरीचं काय? मी जाऊ का?" आणि सातही वेळा बाबांना फोन आला होता.

नोकरी कंटेनरच्या गोदामातल्या ऑफिसात होती. मालाची कागदपत्रं तपासायची, आकडे जुळवायचे. पाळी मात्र दुसरी, म्हणजे सुटायला रात्रीचे दहा. एवढ्यावरच शेठचे घोडे अडले होते. नाही म्हणावे तर बीकॉम झालेली पोरगी दीड वर्ष घरात बसून आहे, हे त्यांनाही दिसत होते. हो म्हणावे तर दहा वाजता उरणच्या रस्त्यावरचे ट्रेलर डोळ्यांपुढे येत. त्यापेक्षा चिकूची सावली बरी.

तिने न विचारता अर्ज भरला. सोमवारी अकरा ते बारा ऑनलाइन परीक्षा आली. आणि शनिवारी तिचा लॅपटॉप मेला. पनवेलच्या दुकानदाराने तो उघडून बघितला, मदरबोर्ड गेला म्हणाला, आणि पुन्हा बंद करून हातात दिला. परीक्षा एकदाच मिळणार होती. परीक्षेत मोठा तक्ता भरायचा होता; मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर तो भरायचा म्हणजे एक रकाना दिसला की दुसरा पळणार.

"घरात मॉनिटर आहे का?" दुकानदाराने विचारले.

मॉनिटर होता. प्रणित, निशाचा भाऊ, जहाजावर जाताना कॉम्प्युटर विकून गेला होता आणि मॉनिटर कुणी घेतला नाही म्हणून राहिला होता. "मग फोनच कॉम्प्युटर करा की," दुकानदार म्हणाला. त्याने निशाचा फोन वायरने आपल्या दुकानातल्या स्क्रीनला लावला. काहीच नाही. "हा नुसता चार्ज होतो. भोक सारखं दिसतं, पण सगळ्या फोनच्या भोकातून चित्र बाहेर येत नाही. आणि वायरही चार्जरची चालणार नाही, ही एचडीएमआयवाली लागते. घरात कुणाकडे भारीतला फोन आहे?"

भारीतला फोन एकाकडेच होता. तीन वर्षांपूर्वी शेठनी दुकानातला सगळ्यात महाग कुठला ते विचारून घेतला होता, आणि तेव्हापासून ते त्यावरून हॅलो म्हणत होते.

सोमवारी पावणेअकराला निशाने जेवणाच्या टेबलावर मॉनिटर आणि दुकानातून आणलेली वायर मांडली. शेठ नुकते करंजाड्याच्या साइटवरून आले होते.

"बाबा, एक तास फोन द्या."

"फोन?" जणू किडनी मागितली. "आज दोन गाड्या खाली व्हायच्या हायत. फोन दिला तर डायवर काय मला स्वप्नात विचारतील का?"

"मग तुमी पण बसा इथंच. फोन आला तर घ्या. पण वायर काढायची नाय."

निशाची आई, आशालताबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बसा ना एक तास. खुर्ची काय चावते का?"

शेठ बसले. निशाने वायरचे एक टोक फोनमध्ये घातले, दुसरे मॉनिटरमध्ये. फोनवर एक पाटी आली, तिने डेस्कटॉप निवडले, आणि मॉनिटरवर चक्क कॉम्प्युटर उगवला. खाली पट्टी, कोपऱ्यात घड्याळ, खिडक्या उघडाव्यात तशा खिडक्या. शेठ बघतच राहिले. हे सगळे आपल्या खिशात तीन वर्षं होते आणि आपण त्यावर खडीचे भाव सांगत होतो, याचा त्यांना थोडा रागच आला.

कीबोर्ड ब्लूटूथचा होता. माउस मात्र जुना, वायरवाला; आणि फोनला भोक एकच, तेही आता भरलेले. म्हणून फोनचाच पडदा माउससारखा वापरायचा होता. निशा फोनवर बोट फिरवी आणि मॉनिटरवर बाण फिरे. भोक एकच म्हणून चार्जिंगही बंद. सकाळी सहापासून बोलून बोलून शेठनी बॅटरी चौतीस टक्क्यांवर आणून ठेवली होती.

"एवढी पुरंल?" त्यांनी विचारले.

"तुमी कमी बोललात तर."

अकरा वाजता परीक्षा सुरू झाली. डावीकडच्या खिडकीत बीजकं आणि पावत्या, उजवीकडे तक्ता. एकेक कंटेनरचा नंबर, नग, वजन बघून भरायचे आणि चूक दिसली की लाल करायचे. निशाची बोटं चालायला लागली.

अकरा सातला ड्रायव्हरचा फोन आला. मॉनिटरच्या कोपऱ्यात भलेमोठे नाव झळकले. शेठनी सवयीने फोन उचलून कानाला लावला, आणि उभे राहिले. वायर एक मीटरची. मॉनिटर डुलला, निशाने तो दोन्ही हातांनी धरला, आणि फोनमधले टोक सटकन बाहेर आले. पडदा काळा. वर निळ्या अक्षरांत नो सिग्नल.

"बाबा!"

असा आवाज शेठनी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिचे डोळे भरले होते. त्यांनी ड्रायव्हरला "मागून बोलतो" म्हणून तोडले आणि टोक स्वतःच्या हाताने पुन्हा बसवले. डेस्कटॉप आला, पण खिडक्या मिटलेल्या होत्या. तिने परीक्षेचे पान परत उघडले. भरलेले सगळे जिथल्या तिथे होते, कारण तक्ता फोनमध्ये नव्हताच, तो कंपनीच्या सर्व्हरवर जपला जात होता. घड्याळ मात्र थांबले नव्हते. तीन मिनिटं गेली ती गेलीच.

यानंतर शेठ एखाद्या आजाऱ्याजवळ बसावे तसे फोनजवळ बसले. फोन आला की खाली वाकून स्पीकरवर "नंतर" एवढेच म्हणत आणि कापत. एका तासात त्यांच्या तोंडून इतके कमी शब्द जन्मात गेले नसतील.

काही काम नसल्यामुळे ते मॉनिटर बघू लागले. सोळाव्या ओळीत त्यांची नजर अडली. वजनकाट्यावर आयुष्य गेलेला माणूस. मालाचे वजन खोक्यासकटच्या वजनापेक्षा जास्त कसे? तोंड उघडणार तेवढ्यात निशाने तो रकाना लाल केला आणि शेजारी शेराही टाकला. शेठनी तोंड मिटले. ही चूक आपल्या कारकुनाच्या कधी लक्षात आली नसती, त्यांना वाटले, आणि त्यांची छाती उगीच भरून आली.

साडेअकराला बॅटरी चौदा टक्के. निशाने मान वर न करता म्हटले, "बाबा, पास झाले तर जाऊ ना?"

शेठचा हात आपोआप फोनकडे गेला. वायर सांभाळून ते फोनवर वाकले आणि म्हणाले, "हॅलो? हां हां, बोला, बोला."

त्यांच्या बोटाच्या धक्क्याने निशाचा बाण मॉनिटरवर गरगरत एका कोपऱ्यात गेला. ती थांबली. मग शांतपणे म्हणाली, "बाबा, फोन आला असता तर नाव इथं आलं असतं."

मॉनिटरवर तक्ता होता, घड्याळ होते, आणि नाव कुणाचेच नव्हते. स्वयंपाकघरातून आशालताबाईंचे फिस्सकन हसणे ऐकू आले. शेठनी बोला-बोला म्हणणारे तोंड हळूच मिटले आणि बोट फोनवरून उचलले. निशा पुन्हा कामाला लागली. आठव्यांदा विचारायचे तिने ठरवले होते, तेवढे करून झाले होते.

अकरा एकावन्नला, नऊ टक्क्यांवर, खरा फोन आला. मॉनिटरवर नुसता नंबर होता. शेठ "नंतर" म्हणायला वाकले.

"काशीराम म्हात्रे बोलतायत? मी कीर्ती, द्रोणागिरीहून. निशाच्या अर्जात घरचा नंबर म्हणून तुमचा आहे. दुसऱ्या पाळीच्या मुली आठवड्यात सोडून जातात हो, घरचे नको म्हणतात म्हणून. त्यासाठी आम्ही आधीच घरी विचारून घेतो. रात्री दहाला सुटणार. तुमची हरकत आहे का?"

निशाची बोटं थांबली. चार ओळी राहिल्या होत्या. स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

शेठनी गेटकडे बघितले. चिकू तिथेच होता. पण फोनला वायर होती, वायरला मॉनिटर होता, मॉनिटरवर पोरीची नऊ मिनिटं होती. उठायची सोय नव्हती. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यावर बसल्या जागी उत्तर द्यायची पाळी आली.

"हॅलो? आहात का?"

"हाय," शेठ म्हणाले. "मॅडम, हरकत नाय. मला भीती वाटते, ती वेगळी. ती माझी हाय. पोरीचं काम मी आज बघितलंय, तुमची सोळावी ओळ चुकीची व्हती, तिनं पकडली."

"सर, ती आम्ही मुद्दाम ठेवलीय."

"मंग बरोबर. रात्री दहाला मी येतो आणायला. चला ठेवतो, बॅटरी नाय."

आणि काशीरामशेठनी समोरच्याने ठेवायच्या आत फोन ठेवला.

निशाने चार ओळी भरल्या. डोळे पुसायला तिला हात रिकामा नव्हता, म्हणून शेवटची ओळ तिने धूसरच वाचली आणि नंतर दोनदा तपासली. अकरा अठ्ठावन्नला तिने पाठवायचे बटण दाबले. "आपली उत्तरे मिळाली" असे आले. बॅटरी चार टक्के. जुन्या बॅटरीचे शेवटचे चार टक्के नावाचेच असतात. अर्ध्या मिनिटात फोनचा पडदा विझला, आणि मॉनिटरवर पुन्हा नो सिग्नल आले. या वेळी कुणी ओरडले नाही.

निशाने वायर काढून फोन त्यांच्या हातात दिला. कोरा, काळा, गरम.

"बाबा," ती म्हणाली, "रोज आणायला येणार? खरंच?"

शेठचा हात फोनसकट कानाकडे निघाला होता. अर्ध्या वाटेत त्यांनी त्या काळ्या पडद्याकडे बघितले आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"येनार," ते म्हणाले. "पण मला गेटवर ताटकळत ठेवू नको. फोन करून बोलवू नको. मी दहाला तिथंच उभा असन."