मागून बोलणारी

मी कोल्हापूरची, त्यामुळे फुटबॉल मला कुणी शिकवू नये, अशी माझी समजूत होती. इंदूरला कॉलेजात नोकरी लागली आणि शहरातल्या महिला संघात सेंटर-बॅकची, म्हणजे मधल्या बचावपटूची, जागाही मिळाली. जोडीला दुसरी सेंटर-बॅक कोण? तर वसुंधरा मॅडम, माझ्याच विभागाच्या प्रमुख. माझी नोकरी पक्की होणार ती त्यांच्या सहीनं.

आमची बचावफळी पार मैदानाच्या मध्यापर्यंत चढून उभी राहते. पाठीमागे गोलकीपरपर्यंत मोकळं रान. म्हणून कामं वाटलेली होती. मॅडम धिप्पाड, त्यांनी पुढे निघून स्ट्रायकरला गाठायचं. मी पळणारी, मी मागे सरकून त्यांची जागा राखायची. मागून सगळं दिसतं, म्हणून बोलायचंही मीच. इथंच घोडं अडलं. साहेबीणबाईंना हुकूम कसा सोडायचा?

त्या रविवारी जवळच्या हातोद गावाशी सामना होता. त्यांची स्ट्रायकर चेंडू घ्यायला खाली, आपल्या हाफकडे आली. मॅडम तिच्यावर निघाल्या. मी गप्प. मागे कुणी आहे की नाही, या शंकेनं त्या अर्ध्यात थबकल्या. स्ट्रायकरनं चेंडू अलगद पुढे सोडला आणि हातोदची कडेनं पळणारी विंगर आमच्या दोघींमधल्या खिंडारातून गोल करून गेली.

मध्यंतरात आमचे कोच तुकोजी सर तडकले. "मौनव्रत आहे का तुझं? आणखी एकदा चुप राहिलीस ना, तर पुढच्या संडेपासून बाहर बसायचं!"

खेळ सुटला तर या शहरात माझं होतं कोण?

मॅडम पाण्याची बाटली खाली ठेवत म्हणाल्या, "मला पाठीला डोळे नाहीयेत गं. वसू म्हण, काहीपण म्हण, पण बोल ना यार!"

उत्तरार्धात स्ट्रायकर पुन्हा खाली आली, पण पास देणारीला आमची मुलगी चिकटलेली होती. मी जीव एकवटून ओरडले, "वसू, जा! मी आहे!" वसू मागे न बघता गेली, चेंडू हिसकावला आणि त्यातूनच आमचा गोल झाला.

शेवटच्या मिनिटांत तोच प्रसंग. पण या वेळी पास देणारी मोकळी, मान वर, आणि विंगर धावायच्या तयारीत. "वसू, थांब! मागे!" दोघी मागे धावलो. चेंडू उंचावरून आला तेव्हा वसू त्याखाली होती. तिनं डोक्यानं तो पार बाहेर उडवला. सामना बरोबरीत सुटला.

"संडेला सात बजे. लेट नको," तुकोजी सर मला म्हणाले. इतकं बरं मला इंदुरात कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी कॉलेजात बैठक होती. "एका विभागाचा अहवाल अजून आलेला नाही," प्राचार्य म्हणाले. आमचा तर कधीच दिलाय, अशा तावात मॅडम पुढच्या रांगेत उठू लागल्या.

"थांबा," मी मागून हळूच म्हणाले.

मागे न बघता मॅडम खाली बसल्या. आमचा अहवाल अजून माझ्याच पिशवीत होता.