त्र्याहत्तर दिवस

दिलेले:

सन १९९५, बारा जून, भोकरदनची सहकारी बँक. मार्तंड सर, हायस्कुलात गणित. घरकर्जाची एकतीस मार्चअखेर बाकी सत्तर हजार. व्याज दरसाल पंधरा टक्के, हप्ता तिमाही, पुढचा तीस जूनला. जामीन: चित्रकलेचे काकासाहेब. त्यांना आता स्वतःसाठी याच बँकेचं कर्ज हवं होतं आणि दुसऱ्याचा जामीन मानगुटीवर असताना बँक देत नव्हती. सरांची बाकी पन्नास हजारांवर आली की तुम्हाला मोकळं करतो, असं मॅनेजरांनी सांगितलेलं. त्यांच्या कर्जासाठी संचालकांची बैठक उद्या.

रीत:

सत्तरातून वीस गेले. हे फळ्यावर लिहिलं असतं तर खडूला लाज वाटली असती. सरांनी वीस हजार ऐटीत खिडकीतून आत सरकवले. आत कारकून शरयू, सरांचीच जुनी विद्यार्थिनी. सहामाहीला सरांनी हिला पस्तीस दिले होते, तेही उपकार म्हणून.

शरयूने बाकीची चिठ्ठी दिली. बावन्न हजार शंभर.

"हातचा विसरायची सवय गेली न्हाई तुझी," सर म्हणाले.

"हातचा नाही सर, व्याज. दोन हजार शंभर आधी व्याजात वळते झाले. मुद्दलात सतरा हजार नऊशे."

"व्याज तीस जूनला लागतं."

"खात्याला नावे पडतं तीस जूनला. चढतं रोज. मधेच पैसे भरले की त्या दिवसापर्यंतचं आधी कापतो."

मागून काकासाहेब म्हणाले, "सर, म्हंजी मी सुटलो का न्हाई?"

"तुम्हीच काढा ना सर," शरयू म्हणाली. "सत्तर हजार, पंधरा टक्के, त्र्याहत्तर दिवस."

सरांनी चिठ्ठीच्या पाठीवर काढलं. वर्षाचं व्याज साडेदहा हजार. त्र्याहत्तर दिवस म्हणजे वर्षाचा बरोब्बर पाचवा हिस्सा. दोन हजार शंभर, अपूर्णांकसुद्धा नाही. चाचणीत पोरांना घालायला त्यांनी स्वतः असेच आकडे निवडले असते. हेच जास्त झोंबलं.

"भरायच्या आधी सांगायचं होतंस."

"तुम्ही विचारलं नाही. वर्गात तर म्हणायचात, विचारावं लागतं त्याला डोकं नसतं."

ताळा:

सरांच्या खिशात चौतीस रुपये. काकासाहेबांनी बंडीत हात घालून सरकीच्या बियाण्यासाठी आणलेले पैसे काढले, थुंकी लावून एकवीसशे मोजले.

"पोरी, हे तरी सगळे मुद्दलात जातील का?"

"जातील. आजपर्यंतचं व्याज फिटलंय."

नवी चिठ्ठी आली, पन्नास हजार. काकासाहेबांनी ती तीनदा वाचली आणि स्वतःच्याच खिशात घातली.

"एक तारखेला पगार झाला की देतो तुमचे," सर पुटपुटले.

"द्या की. बियाणं आता उधारीवर आणावं लागंल. दुकानदार लावील तितकं व्याज मी तुम्हाला लावतो."

"कधीपासून?"

"सर," काकासाहेब पायात चपला सरकवत म्हणाले, "तुम्ही आता चित्रकला घ्या. मी गणित घेतो."